वडिलांचं दुकान, मुलाचं इंजिनिअरिंग: शैक्षणिक कर्जाची फाइल कशी लावायची

प्रश्न: मुलाला कॅपच्या फेरीत पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं आहे. तालुक्याच्या गावी माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि चार एकर शेती आहे. नोकरी नाही, त्यामुळे पगाराची स्लिप, फॉर्म सोळा असलं काही नाही. घर किंवा जमीन तारण ठेवायची इच्छा नाही. मी सह-अर्जदार होऊन कर्ज काढायचं तर अर्ज कुठे आणि कोणत्या क्रमाने करावा, आणि कागदपत्रं नेमकी कोणती? बँकेच्या छापील यादीत माझ्यासाठी 'उत्पन्नाचा पुरावा' एवढंच लिहिलंय.

उत्तर:

त्या छापील यादीतल्या बाकीच्या ओळी सोप्या आहेत. तुमची फाइल अडलीच तर 'उत्पन्नाचा पुरावा' याच ओळीवर अडेल, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. सरकारी बँकेत कर्ज विभागात बरीच वर्षं काढली, आणि एकही कागद कमी नसताना परत गेलेल्या फायली पुष्कळ पाहिल्या. कागद सगळे असायचे, पण ते एकमेकांशी जुळत नसायचे.

पगारदार माणसाचं उत्पन्न एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं. दुकानदार-शेतकऱ्याचं चार ठिकाणी लिहिलेलं असतं: आयकर विवरणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं आणि सातबारा. कर्ज अधिकारी हे चारही शेजारी ठेवून वाचतो. आता नेहमी दिसणारा प्रकार बघा. विवरणपत्रात धंद्याचा नफा ४ लाख ४० हजार दाखवलेला असतो. तहसीलदारांचा दाखला मात्र जुना, कुठल्या तरी सवलतीसाठी काढलेला, आणि त्यावर वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजार. अर्जदाराला वाटतं, कमी उत्पन्न दाखवलं तर सवलत मिळेल आणि जास्त दाखवलं तर कर्ज मिळेल, म्हणून दोन्ही जोडून टाकतो. अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र यातला एक कागद खोटा ठरतो. १ लाख २० हजार खरे असतील तर परतफेडीची ऐपत नाही, आणि ४ लाख ४० हजार खरे असतील तर दाखला चुकीची माहिती देऊन काढलेला आहे. मग शेरा पडतो, 'उत्पन्नाबाबत खुलासा मागवावा', आणि फाइल तिथेच बसते.

तेव्हा पहिलं काम, चालू वर्षाचा नवा दाखला काढा. सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार'वर अर्ज करताना आयकर विवरणाची पोच सोबत जोडा आणि धंद्याचं व शेतीचं उत्पन्न वेगवेगळं लिहून द्या. दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो, त्यामुळे मुलाच्या आईचं काही उत्पन्न असेल तर तेही त्यात धरायचं. समजा, तुमचाही धंद्याचा नफा ४ लाख ४० हजार आणि शेतीचे निव्वळ ८० हजार धरले तर तुमच्या दाखल्यावर ५ लाख २० हजार येतील. हा आकडा बघून घाबरू नका. इंजिनिअरिंगच्या शिक्षण शुल्कात खुल्या वर्गाला निम्मी माफी देणारी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, जिला आपण अजून ईबीसीच म्हणतो, तिची मर्यादा ८ लाख आहे. म्हणजे खरा आकडा लिहूनही तुम्ही त्यात बसता. उगाच कमी दाखला काढून मिळत काही नाही, अडचण तेवढी वाढते.

विवरणपत्राच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे, ती तुमच्या करसल्लागाराला विचाराच. छोटे दुकानदार बहुतेक करून अंदाजित नफ्याच्या पद्धतीने, कलम ४४एडीखाली, आयटीआर-४ भरतात. पण शेतीचं उत्पन्न वर्षाला ५ हजारांच्या वर असेल तर आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. प्रत्यक्षात सल्लागार शेती सोडूनच देतो, 'करमुक्त आहे ना, कशाला लिहायची' म्हणून. मग दाखल्यात शेती दिसते, सातबाऱ्यावर तुमचं नाव दिसतं आणि विवरणात शेतीचा उल्लेखच नसतो. तुमचं असंच झालं असेल तर फरक कशामुळे पडला याचा एका परिच्छेदाचा खुलासा लिहून फाइलला लावा, आणि पुढच्या वर्षीपासून फॉर्म योग्य भरा. न विचारता दिलेला खुलासा अधिकाऱ्याला बरा वाटतो. विचारल्यावर दिलेला तोच खुलासा सारवासारव वाटते.

विवरणपत्रं किमान दोन वर्षांची मागतात. अधिकारी आकड्याआधी ती भरल्याची तारीख बघतो. दोन्ही वर्षांची एकाच आठवड्यात, तेही अर्जाच्या तोंडावर भरलेली असली की ती कर्जासाठीच केली हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तशी ती बेकायदा नसतात, पण त्यांचं वजन कमी होतं आणि भार बँकेच्या खात्यावर पडतो.

खात्याचा उतारा सहा महिन्यांचा लागतो, काही बँका वर्षाचा मागतात. दुकानाचं चालू खातं आणि घरचं बचत खातं, दोन्हींचा द्या. त्यात अधिकारी शिल्लक फार बघत नाही. परत गेलेले धनादेश, न वटलेले हप्ते, आणि अर्जाच्या आदल्या महिन्यात एकदम जमा केलेली लाखभर रोख, हे आधी दिसतं. ती रोख कोणी तरी 'बॅलन्स दाखवायला' उसनी आणलेली असते आणि पंधरवड्यात परत जाते. तेही उताऱ्यात दिसतंच. जीएसटी नोंदणी असेल तर विवरणांतली वर्षाची एकूण विक्री आणि आयकरात दाखवलेली उलाढाल जुळली पाहिजे. दुकानाच्या अस्तित्वासाठी उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र पुरतं. ते ऑनलाइन फुकट निघतं, एजंटाला पैसे देऊ नका. 'शॉप ॲक्ट लायसन्स आणा' असं सांगितलं तर लक्षात ठेवा, राज्यातल्या २०१७ च्या कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला परवाना नसतोच, फक्त सूचना द्यायची असते आणि तिची पावती मिळते. तीच पावती जोडायची.

सातबारा आणि आठ-अ हे इथे तारणासाठी लागत नाहीत, उत्पन्नाला आधार म्हणून लागतात. शेतजमिनीवर सरफेसी कायदा चालत नाही, म्हणजे बँकेला ती जप्त करून विकण्याचा सोपा रस्ता नाही. त्यामुळे शैक्षणिक कर्जाला शेती तारण म्हणून घ्यायला बँका तशाही नाखूश असतात. उतारा डिजिटल सहीचा काढा, digitalsatbara.mahabhumi.gov.in वर १५ रुपयांत मिळतो. फुकटात दिसणाऱ्या उताऱ्यावर 'फक्त माहितीसाठी' असं लिहिलेलं असतं आणि तो चालत नाही. काढला की 'इतर हक्क' हा रकाना स्वतः वाचा. विकास सोसायटीचं पीक कर्ज फेडून झालं असेल पण बोजा उतरवलेला नसेल तर तो तिथे दिसेल, आणि तुम्ही अर्जात 'कोणतंही कर्ज नाही' असं लिहिलं असेल तर तुम्ही खोटे पडता. फेडल्याचा दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा कमी करून घ्या. तेवढा वेळ नसेल तर सोसायटीचा बेबाकी दाखला निदान जोडा.

याला लागूनच सिबिलचं येतं. सह-अर्जदार म्हणून तुमचा अहवाल काढणारच. तो बँकेने काढण्याआधी तुम्ही काढा. देशात असा पतअहवाल देणाऱ्या चार संस्था आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आकडा ७००च्या वर की खाली, यापेक्षा आतली खाती वाचा. जुन्या दुचाकीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता राहिलेला, कोणाला तरी जामीन राहिलेलं आणि थकलेलं खातं, तडजोडीने बंद केलेलं खातं, अशा गोष्टी तिथे निघतात. यातली चूक असेल तर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रार करा. खरी थकबाकी असेल तर भरून नो ड्यूज घ्या आणि अहवाल सुधारायला थोडे आठवडे लागतील हे धरून चाला. मुलाच्या नावावर अजून काहीच कर्ज नसेल, म्हणून त्याचा आकडा उणे एक दिसेल. त्याचा अर्थ वाईट असा नाही, इतिहास नाही एवढाच.

आता रक्कम. तारण न देता कर्ज हवंय, त्यामुळे साडेसात लाख ही रेघ तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. बँकांच्या संघटनेच्या, म्हणजे आयबीएच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, कारण त्यावर सरकारी पतहमी मिळते. आईवडिलांपैकी एकाने सह-कर्जदार व्हायचं, एवढंच. त्याच्या वर गेलात की बँक स्थावर मालमत्ता मागू शकते. स्वतःचा हिस्सा, ज्याला बँकवाले मार्जिन म्हणतात, तो चार लाखांपर्यंत शून्य आणि त्यावर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के.

उदाहरण म्हणून आकडे घेऊ, तुमच्या कॉलेजचे त्यांच्या जागी टाका. शिक्षण शुल्क वर्षाला १ लाख २० हजार, विकास शुल्क १५ हजार, वसतिगृह आणि खाणावळ ८५ हजार, पुस्तकं व परीक्षा १० हजार, पहिल्या वर्षी लॅपटॉप ५० हजार. चार वर्षांचे होतात ९ लाख ७० हजार. ५ टक्के वजा जाता कर्ज ९ लाख २१ हजार ५००, म्हणजे तारणाच्या बाजूला गेलात. आता ईबीसी धरा. शिक्षण शुल्कातले वर्षाला ६० हजार वाचले की एकूण खर्च ७ लाख ३० हजार, तुमचा हिस्सा ३६ हजार ५००, आणि कर्ज ६ लाख ९३ हजार ५००. तुम्ही रेघेच्या अलीकडे आलात. म्हणून तुमच्या बाबतीत महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज हाही कर्जाच्या फाइलचाच कागद आहे. त्याची पोच जोडा, आणि कॉलेजकडून मिळणाऱ्या शुल्कपत्रात 'ईबीसी लागू, विद्यार्थ्याने भरायची रक्कम इतकी' असं लिहून घ्या. हा अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. एका वर्षी राहिला तर ६० हजारांचा खड्डा पडेल आणि मंजूर कर्जात तो बसणार नाही.

पीएम-विद्यालक्ष्मीबद्दल तुम्ही ऐकलं असेल. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही शैक्षणिक कर्जाची योजना मंजूर केली. तुमचं कॉलेज तिच्या यादीत असेल तर कर्ज बिनतारणी आणि बिनजामिनाचं मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष, व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. पण ही व्याज सवलत दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीला पात्र असलेल्याला नाही, आणि ती वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच आहे. हिशेब करून बघितला तर तुमचं फार काही बुडत नाही. ईबीसी न घेता ९ लाख २१ हजारांचं कर्ज चार वर्षांत विभागून उचललं तर पाच वर्षांत ३ टक्के दराने वाचणारं व्याज साधारण ९९ हजार. ईबीसीत चार वर्षांत २ लाख ४० हजार वाचतात, आणि कर्जही लहान होतं. तेव्हा ईबीसी सोडून तिच्या मागे लागू नका. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असतं तर तांत्रिक शिक्षणासाठी पूर्ण व्याज सवलतीची वेगळी योजना आहे, पण ५ लाख २० हजारांवर ती तुम्हाला लागू नाही. आणि तिच्यासाठी दाखला कमी करून घ्यायचा मोह झालाच तर सुरुवातीचा, न जुळणाऱ्या कागदांचा परिच्छेद पुन्हा वाचा. विवरणपत्र त्याच फाइलमध्ये असतं.

कॉलेजचे कागद लवकर आटोपतात. कॅपचं जागा वाटपाचं पत्र, सीईटीचा निकाल, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेशाची पावती आणि बोनाफाइड. यात खरं महत्त्व शुल्कपत्राला. ते लेटरहेडवर, चारही वर्षांचं, बाबनिहाय वेगळं केलेलं आणि कॉलेजच्या बँक खात्याच्या तपशिलासह हवं, कारण पैसे थेट कॉलेजच्या खात्यात जातात. बरीच कॉलेजं फक्त पहिल्या वर्षाचं देतात, आणि मग बँकही तेवढंच धरते. वसतिगृह बाहेरचं असेल तर त्याचंही दरपत्रक लागेल. परत मिळणारी अनामत आणि इमारत निधी यासारख्या रकमा एकूण शिक्षण शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच कर्जात धरतात. लॅपटॉपसाठी दुकानदाराचं कोटेशन. बारावी आणि प्रवेश यांत वर्ष गेलं असेल तर त्या काळात मुलगा काय करत होता याचं प्रतिज्ञापत्र.

ओळखीचे कागद दोघांचेही लागतात: आधार, पॅन, फोटो, राहण्याचा पुरावा. इथे आपल्याकडची खास भानगड नावाची. सातबाऱ्यावर 'बाळासाहेब', आधारवर 'भालचंद्र', पॅनवर इंग्रजीत आडनावाचं तिसरंच स्पेलिंग, आणि मुलाच्या गुणपत्रकावर वडिलांचं नाव चौथ्या तऱ्हेने. गावात सगळ्यांना माहीत असतं की माणूस एकच आहे. पण कर्जाच्या करारावर सही करणारा, विवरणपत्र भरणारा आणि सातबाऱ्याचा खातेदार एकच आहे, हे बँकेला कागदावरच दिसलं पाहिजे. एक कोरा कागद घ्या, प्रत्येक दस्तावर नाव अक्षरशः कसं लिहिलंय ते एकाखाली एक उतरवा. फरक स्पेलिंगचा असेल तर नोटरी केलेलं 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' हे प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालतं. आधार आणि पॅन यांच्यातला फरक मात्र प्रतिज्ञापत्राने झाकू नका, तो दुरुस्तच करा. पॅन-आधार जोडणी त्याच्यावर अवलंबून असते आणि संगणक प्रतिज्ञापत्र वाचत नाही. सहीचंही तसंच. पॅनवर इंग्रजी सही आणि बँकेत मराठी सही असेल तर आधी खात्यातली नमुना सही बघून घ्या आणि सगळीकडे तीच करा. मराठीत सही करायला काही हरकत नाही. फक्त कराराचा मजकूर इंग्रजीत असेल तर तो मराठीत समजावून सांगितल्याचं निवेदन बँक तुमच्याकडून लिहून घेईल. त्यावर सही करताना खरंच समजावून मागा.

मुलाची जन्मतारीखही बघा. बारावी झालेली पुष्कळ मुलं जुलैत साडेसतराची असतात. अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून त्या वेळी कागद तुम्ही एकटे करता आणि तो १८ पूर्ण झाला की बँक त्याच्याकडून मान्यतेचं पत्र घेते. कर्ज यामुळे नाकारायचं कारण नाही. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल तर काही शाखा 'अठरा पूर्ण होऊ द्या' म्हणून टोलवतात, तेव्हा हे सांगा.

अर्ज pmvidyalaxmi.co.in या पोर्टलवरून करा. पोर्टलवर केला की अर्ज क्रमांक मिळतो आणि तारखेसह नोंद राहते. काउंटरवर हातात दिलेल्या फाइलची पोच बहुधा मिळत नाही आणि ती कधी दिली हे पुढे सिद्ध करता येत नाही. शाखा निवडताना तुमच्या गावची किंवा तुमचं खातं असलेली घ्या, पुण्याची नको. आदर्श योजनेतही विद्यार्थ्याच्या मूळ गावाजवळच्या शाखेने कर्ज द्यावं, अशीच अपेक्षा आहे. तुमचं दुकान बघायला, चौकशी करायला आणि पुढे वसुलीला तीच सोयीची. पुण्याची शाखा 'वडील तिकडे आहेत' म्हणेल आणि गावची शाखा 'कॉलेज तिकडे आहे' म्हणेल. गावच्या शाखेला सोडू नका. पोर्टलवर अर्ज केल्यानंतर मूळ कागद आणि स्वसाक्षांकित प्रतींचा एक संच घेऊन मुलासह शाखेत जा. अर्जात भरलेलं उत्पन्न आणि दाखल्यावरचं उत्पन्न रुपयापर्यंत तेच ठेवा.

मुदतीची एक अडचण आधीच सांगतो. कॅपमध्ये जागा मिळाल्यावर प्रवेश निश्चित करायला दिवस मोजकेच मिळतात, आणि कर्ज मंजूर व्हायला पंधरा दिवस ते महिना सहज जातो. शुल्काचा पहिला हप्ता बहुतेकांना खिशातून भरावा लागतो. तो तुमच्या किंवा मुलाच्या बँक खात्यातूनच भरा, रोख नको, आणि पावती मुलाच्या नावाची घ्या. मग अर्जातच 'भरलेल्या शुल्काची प्रतिपूर्ती' मागता येते. ही प्रतिपूर्ती किती जुन्या पावतीला मिळेल हे बँकेच्या नियमावर आहे, त्यामुळे पावती घेऊन महिनोन्‌महिने थांबू नका. काही कॉलेजं बँकेचं मंजुरीपत्र बघून मुदत वाढवून देतात, विचारायला काय जातं.

मंजुरीपत्र आलं की सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. तुम्ही त्यात जामीनदार नाही आहात, सह-कर्जदार आहात. कर्ज पहिल्या दिवसापासून तुमच्याही सिबिलवर दिसेल आणि उद्या दुकानासाठी कॅश क्रेडिट किंवा घरासाठी कर्ज घ्यायला गेलात की हे खातं मोजलं जाईल. हप्ता शिक्षण संपून एक वर्षानंतर सुरू होतो, पण व्याज पैसे उचलल्यापासून चढतं. वरच्या उदाहरणात, समजा १० टक्के दर धरला आणि दरवर्षी लागेल तेवढंच उचललं, तर पाच वर्षांत सरळ व्याज जवळपास अडीच लाख होतं. ते मुद्दलात मिळून साडेनऊ लाखांच्या आसपासची रक्कम फेडायला सुरुवात होते, पंधरा वर्षांत महिना साधारण १० हजार १००. व्याज मधल्या काळात भरत गेलात तर मुद्दल ६ लाख ९३ हजार ५००च राहतं आणि हप्ता साडेसात हजारांच्या आत येतो. पहिल्या वर्षी ते व्याज महिन्याला १,७०० रुपयांच्या घरात असतं, शेवटच्या वर्षी ५,८०० होतं. दुकान चालू असलेल्या माणसाला हे झेपतं. शिवाय बऱ्याच बँका असं व्याज वेळेवर भरणाऱ्याला दरात १ टक्क्यापर्यंत सूट देतात. मंजुरीपत्रात ती सूट लिहिली आहे का बघा, नसेल तर लिहून मागा. कर्जासोबत विमा जोडलेला असेल तर त्याचा हप्ता किती, कोणाच्या जिवावर, आणि तो कर्जातूनच कापला जाणार का, हेही तिथेच विचारा.

आयकराचं एका ओळीत: कलम ८०ईखाली फक्त व्याजाची वजावट मिळते, आठ वर्षांपर्यंत, आणि ती जुन्या करप्रणालीतच. तुम्ही नव्या प्रणालीत विवरण भरत असाल तर तिचा उपयोग नाही.

शाखेने तोंडी 'होणार नाही' म्हटलं तर अर्ज मागे घेऊ नका. असा अर्ज वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय नाकारायचा नाही असं योजनेतच आहे, म्हणून अर्ज क्रमांक टाकून शाखेला लेखी कारण मागा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. अनेकदा लेखी कारण मागितल्यावरच फाइल हलते, कारण 'आमच्या कार्यक्षेत्रात कॉलेज नाही' असली कारणं कागदावर लिहायला कोणी धजावत नाही.

आणि मंजुरीनंतर फाइल बंद करून माळ्यावर टाकू नका. दरवर्षीच्या शुल्काचे पैसे बँकेकडून कॉलेजला आपोआप जात नाहीत. मागच्या वर्षीचं गुणपत्रक, कॉलेजचं नव्या वर्षाचं शुल्क मागणीपत्र, आधीच्या रकमेची पावती आणि तुमचा त्या वर्षाचा ५ टक्के हिस्सा घेऊन शाखेत जावं लागतं. मुलाचा एखादा विषय राहिला असेल आणि कॉलेजने नियमानुसार पुढच्या वर्गात घेतलं असेल तर त्या अर्थाचं कॉलेजचं पत्र जोडा. ते नसलं की दुसऱ्या वर्षीचे पैसे अडतात, आणि कॉलेजचा विलंब शुल्काचा मीटर तेवढ्यात सुरू झालेला असतो.